मोहरीतले बारा थर: जाड जीन्सवर मशीन उडी मारतं तेव्हा

माझ्याकडे शिवण शिकून गेलेली एक मुलगी सांगलीत घरीच ऑल्टरेशनची कामं घेते. ब्लाउज आणि ड्रेस ती सहज करते, पण मध्यंतरी एका गिऱ्हाइकाची जीन्स घेऊन ती माझ्याकडे आली. जीन्स पुरुषाची, अजिबात न ताणणाऱ्या जाड डेनिमची, साधारण १४ औंसाची. म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं वजन पावणेपाचशे ग्रॅमच्या आसपास. उंची तीन इंच कमी करायची होती आणि मोहरी, म्हणजे पायाची खालची दुमडलेली कड, मूळच्यासारखीच अर्धा इंच, दोनदा दुमडून. एक पाय तिने शिवूनच आणला होता.

"ताई, बाहेरच्या शिवणीवरून कसंबसं गेलं. आतल्या शिवणीवर मशीन जागच्या जागी ठोकत बसलं, मग एकदम उडालं आणि सुई मोडली. आता १८ नंबरची सुई आणलीय, ती लावून बघू का?"

मशीन साधं काळं, सरळ टीप मारणारं, बाजूला छोटी मोटर. तसं मशीन अजून हजारो घरांत आहे आणि त्यावर अशी मोहरी नीट होते. पण सुई बदलण्याआधी मी तिला शिवलेला पाय उलटा करून उजेडात धरायला लावला, कारण काय बिघडलं ते त्या टिपेतच दिसत होतं.

सपाट भागावर टाके एकसारखे, इंचाला आठ. आतल्या शिवणीच्या अलीकडे दोन-तीन सुतांवर, सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ते आखडत गेले होते आणि चढाच्या पायथ्याशी तर सात-आठ टाके एकावर एक बसून धाग्याची गाठच झाली होती. चढावर दोन टाके सुटलेले, म्हणजे वरचा धागा कापडावर नुसता पडलेला, खाली बॉबिनच्या धाग्यात अडकलेलाच नाही. आणि उतारावर एकच टाका, जवळजवळ पाव इंच लांब. आखडलेले टाके, सुटलेले टाके आणि लांब टाका ही तीन वेगळी दुखणी वाटतात, पण तिन्ही निघतात एकाच ठिकाणाहून: मशीनचा फूट, म्हणजे सुईजवळ कापड वरून दाबून धरणारा धातूचा तुकडा, तिरका झाला.

फुटाचा तळ सपाट असतो आणि खालचे दाते कापडाला त्या तळाशी दाबून मागे ढकलतात. दात्यांची पकड वरच्या दाबावर चालते. जाड शिवण समोर आली की फुटाची पुढची चोच तिच्यावर चढते, मागची टाच खालीच राहते आणि मधला भाग अधांतरी होतो. दाते फिरतात, पण कापड पुढे सरकत नाही, सुई मात्र त्याच जागी खाली-वर होत राहते. तीच ती गाठ. फूट माथ्यावरून पलीकडे घसरला की अडलेलं कापड एकदम सुटतं आणि पाव इंचाचा टाका पडतो.

सुटलेले टाके जरा बारकाईने बघण्यासारखे आहेत. सुई खालच्या टोकापासून परत वर निघते तेव्हा तिच्यामागे धाग्याचा छोटा फुगा तयार होतो आणि बॉबिनभोवतीच्या शटलचं टोक त्या फुग्यात शिरून धागा पकडतं. हा फुगा होण्यासाठी कापड प्लेटवर घट्ट दाबलेलं असावं लागतं. फूट तिरका असला तर जाड कापड सुईबरोबरच वर उचललं जातं, फुगा होतच नाही आणि शटल रिकामं फिरतं. टाके सुटले की लोक धागा बदलतात, टेन्शनचा स्क्रू पिळत बसतात. इथे दोन्हींचा दोष नव्हता.

सुई मोडली ती मात्र ओढण्याने. कापड अडलं तसं तिने पायाचं टोक मागून हाताने खेचलं. सुई कापडात रुतलेली असताना कापड खेचलं की सुई मागे वाकते आणि तिचं टोक भोकात जाण्याऐवजी प्लेटवर आपटतं. मी प्लेटवर नख फिरवून बघितलं, भोकाच्या मागच्या कडेला बारीक चरा लागला होता. असा चरा ठेवू नये, पुढे प्रत्येक कपड्याचा धागा त्याला घासून तुटत राहतो. सगळ्यात बारीक पॉलिश पेपरची सुरळी करून भोकाची कड आधी गुळगुळीत केली, मग बाकीच्या कामाला हात घातला.

थर मोजणे

जाड जीन्सची मोहरी उचलली की मी आधी थर मोजते. सपाट भागावर हिशोब सोपा असतो: बाहेरचं कापड, आत दुमडलेला लपलेला थर आणि आतून दिसणारी पट्टी, मिळून तीन. या जीन्सची बाहेरची शिवण साधी होती, दोन्ही माया, म्हणजे टिपेच्या आत राहिलेल्या कापडाच्या कडा, एकत्र ओव्हरलॉक करून एका बाजूला बसवलेल्या. तिथे कापड एकाचं तीन होतं, म्हणजे मोहरीत नऊ थर. आतली शिवण मात्र दोन्ही कडा एकमेकींत अडकवून वरून दुहेरी टीप मारलेली. ही शिवणच चार थरांची असते. तिचे तीन पदर म्हणजे बारा थर. या कापडाचा एक थर पाऊण मिलिमीटरच्या आसपास धरला, तर मोहरी तीन थरांवरून, म्हणजे सव्वादोन मिलिमीटरवरून, अर्ध्या इंचाच्या आत नऊ मिलिमीटरवर चढते. तिच्या मशीनचा फूट पूर्ण उचलला तरी खाली जागा जेमतेम सहा मिलिमीटर.

म्हणून नुसती १८ नंबरची सुई लावून काही झालं नसतं. जाड सुई कमी वाकते हे खरं, पण तिरका फूट ती सरळ करू शकत नाही. आधी उंची कमी करायची आणि उरलेल्या उंचीला फूट आडवा ठेवायचा, हे ठरलं की सुई तिचं काम करते.

तिची शिवलेली मोहरी आम्ही उसवली. आता आतल्या शिवणीचे थर कमी करायचे ते कुठून? बाहेरच्या थराला हात लावायचा नाही, तो दिसतो. आतून दिसणारी पट्टीही सोडायची. राहिला मधला लपलेला थर, म्हणजे कापडाच्या कच्च्या कडेपासून पहिला अर्धा इंच. तो कोणालाच दिसत नाही.

इथे एक धोका असतो. जीन्सच्या या शिवणीवर बहुधा साखळी टीप असते, आणि ती एका पायाच्या मोहरीपासून दुसऱ्या पायाच्या मोहरीपर्यंत सलग मारलेली असते. साखळी टीप एका टोकाकडून ओढली तर सुटत नाही, पण दुसऱ्या टोकाकडून एकदा सुरू झाली की सरसर वरपर्यंत जाते. त्यामुळे एका पायाला काही होत नाही आणि दुसऱ्या पायाची शिवण हातात येते. आधी कच्च्या कडेपासून अर्ध्या इंचाच्या जरा वर, शिवणीवर आडवी साधी टीप मारून, मागेपुढे करून ती पक्की करायची. तिथे चारच थर असतात, मशीन कुरकुर करत नाही. त्यानंतरच खालचा अर्धा इंच उसवायचा.

उसवलेल्या भागात दोन्ही कापडांच्या अडकलेल्या माया सरळ कापून टाकल्या आणि दोन्ही कडा एकमेकींना नुसत्या टेकतील इतक्याच ठेवल्या. चार थरांचा तिथे एकच थर उरला. चार, एक आणि चार मिळून नऊ. बाहेरच्या शिवणीला कापायची गरजच पडली नाही. पहिल्या दुमडीच्या रेषेवर मायेला कात्रीने कच मारला आणि लपलेल्या थरातली माया उलट्या बाजूला वळवली. आता एका बाजूला सात थर, दुसरीकडे पाच, म्हणजे एका उंच कड्याऐवजी दोन बुटक्या पायऱ्या.

मग मोहरी दुमडून, टाचण्याऐवजी क्लिपा लावून, ओलसर फडक्यावरून कडक इस्त्री केली आणि शिवणीचा भाग गरम असतानाच दगडी पाट्यावर ठेवून हातोडीने ठोकला. वर जाड सुती कापड हवंच. थेट हातोडी पडली तर इंडिगोचा रंग कडांवर उडतो आणि चकाकणारा डाग राहतो. धागे तुटतील इतक्या जोराने मारायचं नाही. दहा-बारा ठोक्यांत शिवण बोटाला स्पष्ट बसलेली कळते, तिची गोल पाठ सपाट होते. ठोकल्यावर ती फुटाखाली आरामात सरकली. ती सरकली नसती तर पुढचं काही करण्यात अर्थ नव्हता.

टेकू

उंच शिवणीवर फूट आडवा राहावा म्हणून त्याच्याखाली टेकू घालायचा, आणि तो करायला बाहेरून काही आणावं लागत नाही. कापलेली पट्टी हेच त्याचं कापड, त्याच जाडीचं. ती पट्टी तिने पिशवीत ठेवली होती, हे फार बरं झालं. तिची जुनी दुमड उसवली की तीन इंच रुंद कापड मिळतं.

टेकूची जाडी अंदाजाने ठरवू नये. शिवणीवर नऊ थर, बाजूला तीन, फरक सहा. म्हणून सहा थरांचा टेकू. पट्टीचे तीन तुकडे मधोमध दुमडून एकावर एक ठेवले, हाताने चार टाके घालून बांधले आणि तेही पाट्यावर ठोकले. न ठोकलेला टेकू शिवणीपेक्षा फुगीर राहतो आणि मग फूट उलट्या दिशेला तिरका होतो. असे दोन केले. एक साधा, टाचेखाली घालायला. दुसऱ्याच्या एका कडेला मधोमध सूतभर रुंद आणि पाऊण इंच खोल खाच कापली. खाच का, ते पुढे येईल.

सुई १८ नंबरची, पाकिटावर ११०/१८ लिहिलेली. घातल्यावर मोटर सुरू न करता हाताने चाक फिरवून दोन-तीन फेरे पूर्ण केले. काही मशीनवर इतकी जाड सुई शटलच्या टोकाला घासते. तसा खर्र आवाज आला तर १६ नंबरवर थांबायचं. इथे आवाज आला नाही. वर जीन्सचा जाड पिवळट धागा, बॉबिनला साधा निळा पॉलिस्टर. दोन्हीकडे जाड धागा भरला की छोट्या मशीनचं टेन्शन सांभाळता येत नाही, आणि आतली बाजू कोणी बघत नाही. टाका इंचाला आठवरून सातवर आणला. उरलेली पट्टी तिपदरी करून तिच्यावर टीप मारून बघितली. खाली वरच्या धाग्याचे फुगे येत होते, म्हणून वरचं टेन्शन अर्धा फेरा घट्ट केलं.

आता पाय मशीनवर चढवायचा. सपाट टेबलाच्या मशीनवर अरुंद मोहरी खाली ओवता येत नाही, म्हणून फूट जीन्सच्या पायाच्या नळकांड्याच्या आत घ्यायचा. पण पाय सुलट ठेवला तर आतली बाजू वर येते आणि बाहेरून बॉबिनचा धागा दिसतो. पाय उलटा केला की नळकांड्याच्या आत कापडाची सुलट बाजू येते आणि जाड धागा जिथे दिसायला हवा तिथेच पडतो. दुमड खाली जाते, दिसत नाही, म्हणून कडेपासून तीन सुतांचं अंतर प्लेटवर कागदी टेप चिकटवून पक्कं केलं. अर्धा इंच म्हणजे चार सूत, तेव्हा तीन सुतांवरची टीप दुमडीच्या कडेच्या एक सूत आत पडते आणि तिन्ही थर पकडते.

सुरुवात आतल्या शिवणीच्या पलीकडे, मागच्या बाजूला इंचभर सोडून केली, म्हणजे ती उंच शिवण फेरीच्या शेवटी येते. तोवर हात आणि मशीन दोन्ही लयीत येतात आणि शेवटचे टाके पहिल्या टाक्यांवर सपाट भागातच चढतात. बाहेरच्या शिवणीच्या पायऱ्या तिने चाक हाताने फिरवून पार केल्या, पट्टीचे चार थर टाचेखाली घालून.

आतली शिवण आली. चोच उचलायला लागली तेव्हा मी तिला थांबवलं. सुई खाली कापडात. फूट वर. साधा टेकू मागून टाचेखाली, सुईला टेकेल इतका पुढे सरकवला. फूट खाली. बाजूने वाकून बघितलं तर तळ पाण्याच्या पातळीसारखा आडवा. मोटरवरून पाय काढून तिने चाक हाताने स्वतःकडे फिरवायला सुरुवात केली. एकेक टाका, मागून न ओढता, दोन्ही तळवे कापडावर नुसते ठेवून. कापड पुढे सरकतं तसा टेकूही मागे निघून जातो, तो शिवला जायची भीती नसते.

उतारावर गोष्ट उलटी होते. चोच माथ्यावरून पुढे निघाली, टाच अजून वर. आता टेकू चोचीखाली हवा, पण तो सुईच्या समोर असतो आणि प्रत्येक टाक्याबरोबर सुईकडे येतो. साधा तुकडा असता तर मोहरीला शिवला गेला असता. म्हणून खाच. खाचेचं तोंड सुईकडे ठेवून टेकू घातला की चोचीचे दोन्ही दात खाचेच्या दोन्ही बाजूंवर टेकतात आणि सुई मधल्या रिकाम्या जागेतून चालते. पाऊण इंच एवढ्यासाठी की सुई माथ्यावरून उतरल्यावरही टाच काही टाके वरच असते. ती उतरेपर्यंत चोचीला आधार लागतो. बहुतेकजण चढाला टेकू लावतात आणि उताराला विसरतात, आणि तो लांब टाका नेमका उतारावरच पडतो.

काही नव्या झिगझॅग मशीनच्या फुटाला डाव्या बाजूला छोटं काळं बटण असतं. चोच उचलायला लागली की फूट आडवा धरून ते आत दाबायचं. फूट चढभर आडवाच राहतो आणि टाच वर आली की बटण आपोआप सुटतं. उतारावर मात्र त्याचा उपयोग नाही, तिथे तुकडाच घालावा लागतो.

पाय बाहेर काढून उजेडात धरला. शिवणीवरचे टाके सपाट भागापेक्षा अगदी किंचित आखूड होते, कारण जाड थरांत धागा जास्त खोल जातो. ते मूळ कारखान्याच्या मोहरीतही दिसतं. उतारावरचा एक टाका जरा सैल होता. तो उसवण्याइतका नव्हता, आणि मी तिला उसवू दिला नाही. डेनिमवर एकाच रेषेत पुन्हा पुन्हा भोकं पाडली की ती रेष कापडाला कमकुवत करते. आधीच्या फसलेल्या टिपेची भोकं दिसत होती, त्यावर पाण्याचा हलका हात फिरवून नखाने आडवं-उभं खरवडलं आणि इस्त्री केली. बरीच बुजली. धुतल्यावर आणखी बुजतात.

दुसरा पाय तिने एकटीने केला. साखळी टीप सरसर सुटणारा पाय तोच निघाला, पण आडवी टीप आधीच मारलेली असल्याने ती तिथेच थांबली.

निघताना तिने विचारलं, थर कमी करूनही शिवण फुटाखाली जात नसेल तर काय. जॅकेटच्या खालच्या पट्टीला किंवा आणखी जाड जीन्सला असं होतं. मग त्या अर्ध्या इंचापुरतं मशीन लावूच नये. दोन्ही बाजूंनी शिवणीपर्यंत टीप आणून धागे लांब सोडावेत, आणि मधला भाग जाड हातसुई आणि अंगुस्तान घेऊन, त्याच जाड धाग्याने, टाक्याची लांबी जुळवत उलटसुलट दोन फेऱ्यांत शिवावा. वेळ जातो, पण कापड आणि मशीन दोन्ही वाचतात, आणि बाहेरून फरक कळत नाही. या कामाचे पैसे साध्या मोहरीपेक्षा जास्त घ्यायचे, हेही मी तिला सांगितलं. उसवणं, कापणं आणि ठोकणं यात शिवण्यापेक्षा जास्त वेळ जातो आणि तो गिऱ्हाइकाला दिसत नाही.

त्याच गिऱ्हाइकाने नंतर तिला ताणणारी पातळ जीन्स दिली. तिथे तिने १८ नंबर बाजूला ठेवला. अशा कापडात जाड सुईने लवचीक धागे तुटतात आणि टिपेवर पांढरे ठिपके येतात, म्हणून डेनिमचीच पण १४ नंबरची सुई लावली. हातोडी हलकी चालवली आणि टेकू पातळ कापडाचाच घेतला, कारण थर तेवढेच असले तरी प्रत्येक थर बारीक होता. मोहरी ताणली जाऊन लाटा येऊ नयेत म्हणून फुटाचा दाब थोडा कमी केला. लपलेल्या थरातली शिवण मात्र तिने तशीच कापली, आधी आडवी टीप मारून.